आत्याबाईंचे वर्षाचे तीन रुपये पासष्ट पैसे

या, असं पुढं सरकून बसा. मागं बसणाऱ्याला कीर्तन अर्धंच पोचतं, आणि गोष्टीचंही तसंच असतं. मी तुम्हाला आमच्या घरातल्या एका हिशेबाची गोष्ट सांगणार आहे. हिशेब म्हटल्यावर जांभई देऊ नका. त्या हिशेबावर एका बाईचं गाणं अडलं होतं.

तेव्हा मी त्या घरात सून होऊन चारच वर्षं झाली होती. सासरे, म्हणजे बाबा, मोटर वाइंडिंगचं दुकान चालवायचे. जळलेल्या मोटरी लोक त्यांच्याकडे आणून टाकत, आणि ते तांब्याची तार नव्यानं भरून देत. त्यांच्या अंगाला कायम वॉर्निशचा वास यायचा. अजून कुठं तो वास आला की माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे जातो. घरात सासूबाई, माझे यजमान, धाकटे भाऊजी, मी, आणि बाबांच्या थोरल्या बहीण आत्याबाई. बाबा त्यांना अक्का म्हणत.

आत्याबाईंचं त्यांच्या यजमानांमागं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या भावाकडे आलेल्या. घरात त्या अशा वावरत, जणू पाहुण्याला थोडं जास्त राहावं लागलंय. दुधाचा ग्लास अर्धाच घेत. खोलीतून बाहेर पडताना, आत दुसरं कुणी बसलेलं असलं तरी, दिवा मालवून जात. भाऊजी अंधारातून ओरडत, "आत्या, मी आहे अजून." त्या म्हणत, "अगंबाई, दिसलाच नाहीस."

त्यांच्याकडे बटणांचा छोटा फोन होता. आम्हा पाचजणांकडे मोठे.

एके महिन्यात विजेचं बिल एकवीसशेवरून सव्वीसशेवर गेलं. बाबांनी जेवताना बिल ताटाशेजारी ठेवलं, चष्मा चढवला, आणि भाऊजींचा चार्जर डोळ्यांजवळ नेला.

"दोनशे चाळीस व्होल्ट, अर्धा अँपिअर. गुणाकार कर."

"एकशे वीस," भाऊजी म्हणाले.

"एकशे वीस वॉट. रात्री दहाला लावता, सकाळी आठला काढता. दहा तास. बाराशे वॉट-तास, म्हणजे सव्वा युनिट. जाऊ दे, एक पूर्णांक दोन. असे सहा फोन. रोजचे सात पूर्णांक दोन युनिट. आठ रुपये युनिट. वर्षाचे किती?"

भाऊजींनी फोनवरच हिशेब केला. "एकवीस हजार चोवीस."

सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशांत माझ्या तुटक्या बांगडीला सोन्याचा तुकडा जोडून झाला असता."

बाबांचं कुठं चुकलं, ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. त्यांचं अख्खं आयुष्य मोटरींवरच्या पाट्या वाचण्यात गेलेलं. पाटीवर जे लिहिलंय ते मोटर ओढते, ही त्यांची श्रद्धा. दुसऱ्या दिवसापासून फर्मान निघालं. ज्यानं त्यानं फोन आपापल्या कामाच्या जागी भरून आणायचे. घरी फक्त एक फोन, तोही तासभर.

आत्याबाईंना कुणी काही बोललं नाही. त्या आपण होऊनच उठल्या. फोन बंद केला, रुमालात गुंडाळला, आणि कपाटात लुगड्यांखाली ठेवून दिला.

आठवड्याभरानं माझ्या फोनवर एका अनोळखी बाईचा आवाज आला. "तुमच्याकडच्या आत्या रागावल्यात का हो? आमच्या सासूबाई रोज पाचला फोन लावतात. बंद लागतो. मग उशीशी फोन घेऊन पडून राहतात, संध्याकाळचं काही खात नाहीत."

तिच्याकडूनच मला सगळं कळलं. आत्याबाई लहान असताना त्यांचे वडील, म्हणजे दादा, कीर्तन करायचे. मागं झील धरायला, म्हणजे ध्रुपद उचलून म्हणायला, दोन मुली उभ्या असत: एक आत्याबाई, दुसरी शेजारची. तिचा आवाज असा खणखणीत, की सगळे तिला झांजच म्हणत. साठ वर्षं उलटून गेली. झांजमावशी आता अंथरुणाला खिळलेल्या, आवाज गेलेला. रोज पाच वाजता त्या फोन करत, आणि आत्याबाई न्हाणीघरामागच्या पायरीवर बसून त्यांना एक अभंग म्हणून दाखवत. झील धरायच्या जागी आत्याबाई थांबत. पलीकडून फक्त श्वास ऐकू येई. मग पुढचं चरण.

मी आत्याबाईंना विचारलं, "लावा ना फोन चार्जरला. मी बाबांशी बोलते."

"नको. तू बोललीस की तो म्हणेल, अक्काचा राहू दे. उपकार म्हणून राहिलेलं मला नको गं. भावाच्या घरी राहते, त्याच्या विजेवर वर्षाचे साडेतीन हजार उधळत गाऊ?"

एकवीस हजारांना सहांनी भागून झालं होतं त्यांचं.

आता दया चालणार नव्हती, खरा आकडाच हवा होता. मी थेट शेजारी गेले. तिथं मीटरकाका राहत. तीस वर्षं दारोदार फिरून मीटर वाचून निवृत्त झालेले. बाबांचे जुने दोस्त, म्हणून भांडायचा पहिला हक्क त्यांचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी दुपारी सगळ्यांचे फोन पार रिकामे करून ठेवा. मी येतो."

रविवारी ते आले ते हातात खडू घेऊन. मीटर व्हरांड्यात होता. काकांनी मला त्यावर बोट ठेवायला लावलं. "वाच."

"तीन हजार दोनशे, आणि मग काहीतरी."

"हा तांबडा दिवा लुकलुकतो ना? तो बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट. आमच्या वेळी ॲल्युमिनियमची चकती फिरायची. तिच्या कडेला काळी खूण असायची, ती मोजायची. चकती बघत उभं राहिलं की घरातलं सगळं कळायचं. हळू फिरली की घर जेवतंय, जोरात फिरली की इस्त्री चालू आहे."

"प्रवचन पुरे," बाबा आतून म्हणाले. "पाटीवर अर्धा अँपिअर आहे. मोज नाहीतर नाच."

"वाइंडर, तुझं सगळं आयुष्य पाट्या पुसण्यात गेलं, वाचायला शिकला नाहीस. शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट लिहिलंय. अर्धा अँपिअर शंभराला, तोही जास्तीत जास्त. तू त्याला दोनशे चाळीसनं गुणलंस. आणि फोन भरला की ओढायचं थांबतो. तुझी मोटर थांबते का?"

फ्रिज, पंखे, सगळं बंद केलं. पाच मिनिटं दिवा लुकलुकला नाही, म्हणजे चोरून काही ओढत नव्हतं. मग पाचही मोठे फोन चार्जरला लावले.

पहिली लुकलुक. भाऊजींनी फरशीवर खडूनं रेघ मारली. वीसेक सेकंदांनी दुसरी.

ती दुपार मी कधी विसरणार नाही. पंखा नाही, कुणाच्या हातात फोन नाही, आणि सात माणसं व्हरांड्यात एका तांबड्या ठिपक्याकडे बघत बसलेली. अर्ध्या तासात सगळे कंटाळले आणि बोलायला लागले. सासूबाईंनी बाबांच्या लग्नातल्या घट्ट बुटांची गोष्ट काढली. यजमान लहानपणी मोटरीत बोट घालून बसलेले, ते निघालं. बाबा पाट्यांबद्दल हट्ट धरून होते, पण मधेच म्हणाले, "अक्का, दादा कीर्तनात त्या बहिऱ्या गवळ्याचं सोंग करायचे, ते आठवतं?"

आत्याबाईंनी आठवून करून दाखवलं. करता करता त्यातलं पद आलं, आणि त्या गायल्या. झील धरायच्या जागी थांबल्या. बाबांनी ती उचलली. बेसूर होती, पण उचलली. रेघ मारायची कुणाची पाळी होती तेच सगळे विसरले. काकांनीच मारली. डोळे मात्र त्यांनी मीटरवरून हलवले नाहीत.

अडीच तासांनी लुकलुकणं जवळजवळ थांबलं. रेघा तीनशे चौऱ्याऐंशी.

"भाग बत्तीसशेनं," काका म्हणाले. "शून्य पूर्णांक बारा युनिट. पाचही फोन मिळून. रोज पार रिकामे केले तरी वर्षाला चव्वेचाळीस युनिटसुद्धा नाहीत. आठनं गुण."

"तीनशे पन्नास रुपये," भाऊजी म्हणाले. "चाळीस पैसे."

बाबांनी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

"आता अक्कांचा," काका म्हणाले. मी कपाटातून रुमाल आणला. फोन लावला. दिवा लुकलुकेना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आत्याबाईंचा चेहरा पडला. "बिघडला का?"

"बिघडला नाही. इतक्या कमी विजेला हा मीटर जागाच होत नाही." काकांनी मागचं झाकण काढून बॅटरी वाचली. "एक हजार मिलिअँपिअर-तास, तीन पूर्णांक सात व्होल्ट. म्हणजे पावणेचार वॉट-तास. वाया जाणारं धरून पाच म्हणा. चार दिवसांनी एकदा भरता ना? वर्षाला सव्वा एक्क्याण्णव वेळा. अर्धं युनिटही नाही. तीन रुपये पासष्ट पैसे होतात."

"महिन्याचे?" आत्याबाईंनी विचारलं.

"वर्षाचे."

बिल वाढलं ते पाण्याच्या पंपामुळं, हे नंतर कळलं. विहिरीतल्या पाइपाची झडप गळत होती आणि पंप रोज दोन तास जास्त चालत होता. पंपाची मोटर बाबांनी स्वतः भरलेली, म्हणून तिच्यावर संशय घ्यायची कुणाची हिंमत झाली नव्हती. काकांनी पुढं वर्षभर त्यांना त्यावरून छळलं.

पण त्या क्षणी आत्याबाईंनी कनवटीची दहाची नोट काढली आणि भावापुढं धरली. "घे. अडीच वर्षांचे झाले, वर थोडे तुझे."

मला वाटलं बाबा नको म्हणतील, निदान हसतील. त्यांनी बहिणीकडे एकदा नीट बघितलं. नोट घेतली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "मिळाले," म्हणाले. "आता तुझ्या विजेबद्दल या घरात कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही."

पाचला दहा मिनिटं होती. आत्याबाई चार्जरला लावलेला फोन चालू करून तिथंच, व्हरांड्यात, सगळ्यांदेखत बसल्या. परत कधी त्या मागच्या पायरीवर गेल्या नाहीत.

झांजमावशी त्यानंतर चौदा महिने होत्या. शेवटच्या दिवसांत त्यांना ओळखू येणारा एकच आवाज उरला होता, असं त्यांची सून म्हणाली. पुढं आत्याबाई गेल्या, बाबा गेले, काकाही गेले. फरशी धुतली गेली.

आत्याबाईंना आठवणारे आम्ही अजून आहोत. झांजमावशींचं नाव घेणारं फार कुणी राहिलं नाही. मी त्यांना कधी बघितलं नाही. झिलेच्या जागी पलीकडून येणारा तो श्वास तेवढा ऐकला. तुम्ही एवढा वेळ जवळ बसून ऐकलंत, तर एवढं करा. कुठं कीर्तनाला गेलात आणि मागून झील उठली, की घटकाभर त्यांची आठवण काढा.