परतीची अट

शिवऱ्याच्या कारखान्यात एचआरच्या नीरजामॅडमनी मशीन जुळवणाऱ्या अश्विनीपुढं जर्मनीच्या नेमणुकीचं पत्र ठेवलं. मुदत दोन वर्षं, भत्ता युरोत, तिथला जादा कर कंपनी भरणार, सगळं ठीक. पण शेवटी लिहिलं होतं, ‘परतल्यावर जागा असल्यास नेमणूक.’

“हे सगळ्यांच्याच पत्रात असतं,” मॅडम म्हणाल्या.

“मग सगळ्यांचंच चुकलंय. आमच्या मार्गासनी गावात उसना नेलेला बैलसुद्धा काम झालं की त्याच्याच खुंट्याला आणून बांधतात. परत आल्यावर हीच जागा, पगार कमी न्हाई, असं लिहा. तवर सही करणार न्हाई.”

“संधी जाईल हं.”

“जाऊ द्या. फक्त माझ्याऐवजी तिथं मशीन कोण जुळवणार, तेवढं नाव सांगा.”

मॅडमनी पत्र मागं ओढलं आणि शेवटची ओळ खोडून नवी लिहायला घेतली.