मेसेजने नंबर पुढे जात नाही

रुग्णालयातली बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे पानाताई म्हणत, कारण तिच्या एप्रनच्या खिशात पाना नाही असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी वर्कशॉपमध्ये तो पाना नवजात बाळांच्या वॉर्डातून आलेल्या, बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरवर चालला होता, तेवढ्यात फोन वाजला. हृदयविभागाच्या मोठ्या डॉक्टरांचा मेसेज होता.

'आमचं ईसीजी मशीन काल पाठवलंय. दुपारी दोनपर्यंत हवं. ऑफिसमार्फत नको, म्हणून थेट तुम्हालाच सांगतोय.'

पानाताईने मेसेज दोनदा वाचला. ती अजून कंत्राटावर होती. तिला कायम करायचं की नाही, हे पुढच्या आठवड्यात समिती ठरवणार होती, आणि त्या समितीत हेच डॉक्टर होते.

गेल्या महिन्यात त्यांचा असाच मेसेज आला, तेव्हा ती मुकाट्याने 'हो सर' म्हणाली होती. त्यांचं काम पुढे घेतलं आणि मुलांच्या वॉर्डातला औषधाचा पंप मागे पडला. त्या वॉर्डच्या सिस्टरने दिवसभर घड्याळ समोर ठेवून सलाइनचे थेंब मोजले. तक्रार केली नाही, फक्त संध्याकाळी येऊन म्हणाली, "माझा नंबर तिसरा होता ना गं?" त्या एका प्रश्नाने पानाताईला इतकं ओशाळं केलं, की तिने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती विभागाच्या प्रमुखबाईंना सगळं सांगून टाकलं. बाईंनी फळ्यावर नियम लिहून घेतला. आलेलं प्रत्येक काम फळ्यावर चढणार. पेशंट आत्ता अडलाय का, दुसरं यंत्र आहे का, कधीपासून बंद आहे, यावरून नंबर लागणार. क्रम बदलायचा तर बाईच बदलणार, आणि ज्याचं काम मागे जाणार त्याला पुढे घुसणाऱ्याने स्वतः सांगायचं. हे शेवटचं कलम बाईंचं. त्यांच्या डोक्यात असल्या गोष्टी बऱ्या येतात!

नियम फळ्यावर लिहिणं सोपं होतं. साहेबलोकांना तो सांगायचा म्हणजे छाती लागते.

पानाताईने हात पुसले आणि लिहिलं, 'सर, काम फळ्यावर चढवलंय, तुमचा नंबर चौथा आहे. पेशंट अडलाय का आणि दुसरं मशीन आहे का, तेवढं कळवा. अडला असेल तर आत्ताच प्रमुखबाईंशी बोलते.' मेसेज बाईंनाही पाठवला, म्हणजे लपवाछपवी नको.

उत्तराऐवजी वीस मिनिटांनी डॉक्टर स्वतःच आले.

"एक वायर बदलायची आहे, पाच मिनिटांचं काम. त्याला कसला फळा?"

"पाच मिनिटांची चौघांची कामं आहेत, सर. आणि या वॉर्मरची चाचणी चालू आहे. अर्धा तास तापमान स्थिर राहायला हवं. मध्येच हात काढला तर पुन्हा पहिल्यापासून."

"मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," पानाताई म्हणाली. आवाज कापला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "म्हणून तर नियम सांगते. बाई वरच आहेत, त्या क्रम बदलतील. पण आधी विचारतील, बाळांच्या वॉर्डला तुम्ही सांगितलंत का. हा घ्या फोन."

तिने नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. डॉक्टरांना तो घ्यावाच लागला.

"सिस्टर, तुमचा वॉर्मर जरा... उशिरा दिला तर चालेल का?"

पलीकडची सिस्टर काय म्हणाली, ते पानाताईला ऐकू आलं नाही. पण डॉक्टरांचा चेहरा उतरला. "दोन बाळं? एकाच वॉर्मरवर? नाही नाही, तुमचंच आधी होऊ द्या." त्यांनी रिसीव्हर हळूच ठेवला.

"तुमचा पेशंट अडलाय का, सर?" तिने पुन्हा विचारलं, या वेळी जरा मऊपणाने.

"अडला नाही. तपासण्या तुंबल्यात."

"मग चौथ्या मजल्यावर एक मशीन मोकळं असतं. मी सांगून ठेवते, माणूस पाठवा. तुमचं उद्या दुपारी देते."

ते तडक निघून गेले. आता आपली नोकरी गेली, असं पानाताईने मनाशी पक्कं धरलं आणि वॉर्मरचं तापमान टिपत बसली. बाळं मात्र दुपारपर्यंत आपापल्या वॉर्मरवर गेली. दुसऱ्या दिवशी ईसीजी मशीनही कबूल केल्याप्रमाणे पोचलं.

पुढच्या आठवड्यात प्रमुखबाई कागद घेऊन आल्या. पानाताईच्या नावापुढे समितीतल्या प्रत्येकाचा शेरा होता. मोठ्या डॉक्टरांच्या वळणदार अक्षरात दोनच वाक्यं होती.

'थेट मेसेज केला तरी ऐकत नाहीत. ताबडतोब कायम करावे.'