अभिजित मुहूर्त, बारा एक ते बारा एकावन्न

ज्या कारखान्यात सेकंदाचा दहावा भाग चुकला तरी टायमर भंगारात जातो, त्या कारखान्याच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनपत्रिकेवर तारीख नव्हती. ‘वैशाख वद्य पंचमी, शनिवार, अभिजित मुहूर्तावर’ एवढेच सोनेरी अक्षरांत छापलेले होते. मजकूर मालकांच्या मातोश्रींनी सांगितला होता. ज्यांना तिथी कळत नाही त्यांना बोलावायचेच कशाला, हा त्यांचा सवाल होता आणि त्याला घरात कुणाकडे उत्तर नव्हते.

कारखान्याकडे मात्र होते. सर्वांत मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाच्या तपासनीस बाई उद्‌घाटनाला येणार होत्या, आणि त्यांना पंचमी म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्यासाठी पत्रिकेचा इंग्रजी निरोप करण्याचे काम गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांकडे आले. या बाई भौतिकशास्त्राच्या. समोर त्यांना सगळे मॅडम म्हणत. पाठीमागे, दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांवरून त्या ज्या भांडणे करीत त्यांना स्मरून, पॉइंटबाई.

“चंद्र तुमच्याच खात्यात येतो ना?” मालक म्हणाले. “मग करून टाका.”

पॉइंटबाईंचा मुहूर्तांवर काडीचाही विश्वास नव्हता, पण या एका मुहूर्तावर त्यांचे सात वर्षांचे घोडे अडले होते. नव्या इमारतीत त्यांच्यासाठी एक खोली बांधली जात होती. तिचे तापमान बारा महिने एकच राहायचे होते. तपासनीस बाईंनी ती पाहून मान्यता दिली, की टायमर प्रमाणित करून घेण्यासाठी दुसऱ्याच्या प्रयोगशाळेच्या दारात ताटकळत बसणे संपणार होते.

त्यांनी काम शास्त्रशुद्ध रीतीने केले. निरोपात ‘अभिजित मुहूर्त’ असे मोघम लिहिणे त्यांना मंजूर नव्हते. दिवसाचे पंधरा समान भाग केले की मधला तो अभिजित, म्हणजे सूर्य माथ्यावर येतो त्याच्या आगेमागे पाऊण तासाहून थोडा अधिक काळ. सूर्य काही घड्याळाच्या बाराला माथ्यावर येत नाही. तेव्हा त्यांनी गावाचे रेखांश घेतले, त्या दिवशीचे उदयास्त घेतले आणि उत्तर काढले: बारा वाजून एक मिनिट ते बारा वाजून एकावन्न मिनिटे. हिशेब दोनदा पडताळला. काहीशा नाइलाजाने त्यांना कबूल करावे लागले, की ही मुहूर्ताची व्याख्या भलतीच नेटकी होती.

तारखेचे काम त्या मानाने किरकोळ, ते त्यांनी आधीच उरकले होते. फोनवर पंचांगाचे एक ॲप उतरवले, वद्य म्हणजे कृष्ण पक्ष एवढे त्यांना माहीत होते, वैशाख कृष्ण पंचमी शोधली. अठरा एप्रिल, शुक्रवार.

पत्रिकेवर शनिवार होता.

इथे त्या क्षणभर थांबल्या आणि मग हसल्या. मुहूर्त काढून देणाऱ्या गुरुजींना वारसुद्धा धड लावता येत नाही, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. निरोपात त्यांनी शुक्रवार लिहिला आणि गुरुजींची अब्रू जाऊ नये म्हणून ही दुरुस्ती कुणापाशी बोलल्या नाहीत.

निरोप जाण्यापूर्वी तिघांनी तपासला. मालकांनी आपले पद पाहिले, कार्यालयाने बोधचिन्हाचा निळा रंग पाहिला, मालकांच्या मुलाने ‘सप्रेम’चे इंग्रजी पाहिले. तारीख कुणीच पाहिली नाही, कारण ती गुणवत्ता विभागातून आली होती.

चार दिवसांत तपासनीस बाईंचे उत्तर आले. इतका स्वच्छ, सुस्पष्ट निरोप आपल्याला क्वचितच मिळतो, असे त्यांनी लिहिले होते. तिकीट काढले होते. एप्रिलनंतर वर्षभर त्यांना सवड नव्हती, तेव्हा हे फारच छान जुळून आले होते.

तो कागद हातात घेऊन पॉइंटबाई खुशीत आपली खोली पाहायला गेल्या. खोलीला अजून गिलावा नव्हता. अठरा एप्रिलला कसे होणार, असे विचारताच कंत्राटदाराने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिले. “मॅडम, मला सतरा मे सांगितलीय. एसीची मशीनच मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचीय.”

सतरा मे, शनिवार.

विटांच्या ढिगावर बसून त्यांनी ॲप पुन्हा उघडले. अगदी तळाशी, कुणी पाहू नये अशा बेताने, एक पर्याय होता: महिना अमावास्येला संपवायचा की पौर्णिमेला. आपल्याकडे तो अमावास्येला संपतो. ॲप तो पौर्णिमेला संपवत होते, आणि त्या रीतीत वद्य पक्ष पुढच्या महिन्याच्या नावावर जातो. ॲपचा वैशाख वद्य म्हणजे घरचा चैत्र वद्य. पंचमी बरोबर होती, फक्त एक महिना अलीकडची.

नव्या पोरांना त्या दरवर्षी शिकवीत, की काटेकोरपणा वेगळा आणि अचूकता वेगळी. नेम चुकलेल्या बंदुकीच्या साऱ्या गोळ्या एकाच भोकातून जाऊ शकतात. उदाहरण म्हणून यापुढे बंदूक लागणार नव्हती. शनिवार हा पत्रिकेतला एकमेव पडताळा होता आणि तो त्यांनी गुरुजींची चूक म्हणून खोडला होता.

त्या तडक मालकांकडे गेल्या आणि चूक आपली आहे, हे आडपडदा न ठेवता सांगितले. मालकांनी रागवावे अशी त्यांची अपेक्षा होती. पण मालकांच्या डोळ्यांसमोर वर्षभर सवड नसलेल्या बाई उभ्या राहिल्या. त्यांनी गुरुजींना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. अठरा एप्रिलला काही जमते का, असे विचारताना मातोश्री ऐकतील म्हणून त्यांनी आवाज उतरवला, मातोश्री गावाला गेल्या असूनही.

पलीकडे पाने चाळल्याचाही आवाज झाला नाही.

“चैत्र वद्य पंचमी,” गुरुजी म्हणाले. “उत्तम आहे. पंचमी हवी होती, पंचमीच आहे.”

“आणि वेळ?”

“अभिजितच ठेवा. अभिजिताला कसलेच दोष लागत नाहीत.”

ज्या मुहूर्ताला तारीख लावणेदेखील पाप होते, तो एका विमानाच्या तिकिटासरशी महिनाभर मागे सरकला होता. सोनेरी पत्रिका रद्द झाली आणि नवी छापली. आता इंग्रजी निरोप मूळ होता आणि मराठी पत्रिका त्याचे भाषांतर.

गुरुजींना दोष लागले नाहीत, तिथीलाही लागले नाहीत. ते सगळे एका खोलीत येऊन राहिले. अठरा एप्रिलला इमारतीच्या दर्शनी बाजूला रंग होता, मागे बांबू होते. बारा वाजून एक मिनिटाला तपासनीस बाई घड्याळ पाहत फितीपाशी उभ्या होत्या. बाकीचे आमंत्रित बारा पंचेचाळीसपर्यंत येत राहिले आणि आपण वेळेवर आल्याचे एकमेकांना सांगत राहिले. मातोश्रींनी फीत कापली. चैत्र हाच मुळात शुभ, असे आपण पहिल्यापासून म्हणत होतो, हेही त्यांनी सांगितले.

मग तपासनीस बाई स्थिर तापमानाच्या खोलीत गेल्या. भिंतीत मशीनसाठी चौकोनी भोक होते आणि त्यातून आभाळ दिसत होते. तापमापी पस्तीस दाखवत होती. बाईंनी आकडा टिपला, भोकाकडे पाहिले, आणि या खोलीचे आपण पुढल्या वर्षी पाहू, असे शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. पॉइंटबाईंनी मान डोलावली. आकडा बरोबर होता. त्यावर वाद घालता येत नव्हता.

बाहेर पडताना बाई दारावरच्या नव्या कोऱ्या पाटीपाशी थांबल्या. संगमरवरावर उद्‌घाटनाची तिथी कोरली होती: चैत्र वद्य पंचमी, शुक्रवार. यावर काय लिहिले आहे, असे त्यांनी कुतूहलाने विचारले.

पॉइंटबाईंनी पाटी वाचली. मग हातातल्या घड्याळातला वार पाहिला, फोनमधला पाहिला, आणि शेजारून बांबू उचलून नेणाऱ्या कंत्राटदाराला आज कोणता वार, असे मराठीत विचारून घेतले.

“आज शुक्रवार आहे,” त्यांनी इंग्रजीत सांगितले, आणि याहून अधिक काही सांगितले नाही.