राजीनाम्यातली विनंती

ड्राफ्टताईने राजीनामा लिहिला तो एका दमात, आणि त्यात घोडचूक करून ठेवली तीही एका दमात. जगाची पत्रं लिहिणारी बाई, पण स्वतःचं पत्र लिहायची वेळ आली तेव्हा नेमकी माती खाल्ली.

ऑफिसात तिला खऱ्या नावाने हाक मारल्याला जमाना झाला होता. कंपनी गीझर बनवायची. गीझरच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते, जी लोक उघडतात ती फक्त गीझर बंद पडल्यावर शिव्या घालायला, ती लिहिणं हे हिचं काम. निदान नेमणूकपत्रात तरी तेवढंच लिहिलं होतं. पण हिला बरं लिहिता येतं हे एकदा लोकांना कळलं, आणि मग काय विचारता! "ताई, जरा ड्राफ्ट करून द्या ना," करत जो तो टेबलाशी हजर. चिडलेल्या गिऱ्हाइकाला दिलगिरी, उशीर करणाऱ्या पुरवठादाराला दम, बँकेला साकडं, निवृत्त होणाऱ्याच्या निरोपाचं भाषण. साहेबांच्या मेव्हण्याला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा हिनेच लिहिल्या होत्या, आणि त्या वाचून मेव्हणा म्हणे गहिवरला होता.

साहेबांची पद्धत ठरलेली. आलेल्या कागदाची पहिली ओळ वाचायची, कोपऱ्यात "ताई, उत्तर द्या" असं खरडायचं आणि कागद हिच्या ट्रेमध्ये सोडायचा. हिने उत्तर लिहिलं की न वाचता सही ठोकायची. इतकी वर्षं त्या ऑफिसातून बाहेर पडणारा गोड शब्द हिचा आणि कडू शब्दही हिचाच. सही तेवढी साहेबांची.

बाहेरची कामं ती सुट्टीच्या दिवशी करायची. कुणाचं भाषांतर, कुणाचं माहितीपत्रक. त्यातूनच दवाखान्यांची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीला तिचं काम आवडलं. त्यांच्या सगळ्या पुस्तिका नव्याने लिहायच्या होत्या, वर्षभराचं काम. फक्त एक अट होती. पुढचा महिना संपला की पहिल्या तारखेपासून पूर्णवेळ हव्यात, जमणार नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही दुसरं माणूस बघतो. ताईने फोनवरच "जमेल" म्हणून टाकलं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "फ्रीलान्स म्हणजे काय गं? फुकट?"

"नाही हो आई. काम करायचं, त्याचे पैसे घ्यायचे. फक्त वर साहेब नसतो."

"साहेब नाही? मग बोलणी कोणाची खायची?"

"ती सोय घरात आहे," नवरा पेपराआडून म्हणाला, आणि दोघींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो परत पेपरात गडप झाला.

थट्टा बाजूला. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस होती. म्हणजे चालू महिना संपायच्या आत राजीनामा द्यायला हवा, तरच पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला सुटका. महिना संपायला आठवडा होता. ताईने पत्र लिहिलं, दोन प्रती काढल्या, एक साहेबांना दिली आणि दुसरीवर "मिळाले" म्हणून तारखेसकट सही घेतली. इथपर्यंत सगळं चोख. साहेबांनी नेहमीप्रमाणे पहिली ओळ वाचली. ती होती, "गेली अनेक वर्षे आपल्या संस्थेत काम करण्याची संधी मिळाली याबद्दल मी ऋणी आहे." साहेब म्हणाले, "वा, छान!" आणि फोन घ्यायला वळले.

मग चार दिवस काहीच नाही. ताईला वाटलं, वर काहीतरी हालचाल चालू असेल. कसली हालचाल न् कसलं काय! महिना संपायला दोन दिवस उरले असताना तिने सकाळी ट्रे उचलला, तर गळक्या टाकीच्या तक्रारीखाली तिचा स्वतःचाच राजीनामा. कोपऱ्यात साहेबांचं अक्षर: "ताई, गोड भाषेत नकार द्या."

ताई तडक केबिनमध्ये. "साहेब, हे पत्र माझं आहे."

"हो, माहितीये की."

"माझाच राजीनामा. आणि त्याला नकार मीच लिहायचा?"

"मग दुसरं कोण लिहिणार?" साहेबांनी अगदी निरागसपणे विचारलं. "अहो, तुम्ही विनंती केलीये ना? एचआरच्या बाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, म्हणाल्या, विनंती आहे. मग विनंती आहे तर नाकारता येते. माणूस मिळेपर्यंत थांबा म्हणावं. सहा महिने, वर्ष. आणि हो, जरा मन लावून लिहा. तुम्हाला वाईट वाटायला नको."

आता कुणीही शहाणी बाई तो कागद तिथल्या तिथे टेबलावर आपटून आली असती. पण ही ताई! समोर कागद आला की हिचा हात लिहायलाच लागतो. टेबलाशी येऊन तिने चरफडत पहिलं वाक्य लिहिलं. ते बरं उतरलं. मग दुसरं. मग तिला रंग चढला. "आपण या संस्थेचा आवाज आहात. आमची चूक झाली तेव्हा आपण आमच्या वतीने माफी मागितली आणि आमचं कौतुक झालं तेव्हा आपण मागे उभ्या राहिलात. आपल्या जाण्याने जी जागा रिकामी होईल ती भरून काढण्याची ताकद आज तरी आमच्यात नाही."

तिने ते परत वाचलं आणि हिच्याच डोळ्यांत पाणी! नाक पुसत तिला वाटायला लागलं, इतकी किंमत आहे आपली इथे? अशी माणसं टाकून कुठे निघालो आपण? वर्षभराचं काम संपलं की पुढे काय, हा प्रश्नही तेवढ्यात डोकं वर काढून बसला. राहावं का? तिने फोन उचलला. उपकरणवाल्या कंपनीला नाही म्हणून कळवायला नंबरसुद्धा काढला.

मग ती थांबली. हे सगळं म्हणतंय कोण? साहेब? साहेबांनी आजवर "झालं का?" आणि "पाठवा" यापलीकडे दोन शब्द तोंडातून काढले नव्हते. हे म्हणत होती ती स्वतः. स्वतःच स्वतःची पाठ थोपटून, स्वतःच भारावून, स्वतःच राहायला निघाली होती. "काय बावळट बाई आहेस गं तू," ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस दचकला. "तुम्हाला नाही हो," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

चहाच्या मशीनपाशी एचआरच्या बाई उभ्या होत्या. ताईने त्यांना गाठलंच. "विनंती नाकारा म्हणून तुम्हीच सुचवलंत ना?"

"मी कशाला सुचवू? त्यांनी विचारलं, नाकारता येईल का. तुमच्या पत्रात काय होतं ते मी सांगितलं." बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अहो ताई, शेवटची ओळ काय लिहिलीत तुम्ही? 'कार्यमुक्त करावे, ही नम्र विनंती.' सगळ्यांची पत्रं लिहून लिहून तुमच्या हाताला विनंतीची सवय लागलीये. तुमच्या नेमणूकपत्रात महिन्याची नोटीस आहे. ती द्यायची, तारीख लिहायची, विषय संपला. राजीनामा काय मागून घेतात का? आणि हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

ताई परत आली. जुन्या पत्रातलं ऋण काढलं, संधी काढली, नम्र काढलं. उरलं ते एवढंच: "मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार ही एक महिन्याची नोटीस आहे. पुढील महिन्याची तीस तारीख हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल, हे कळवते." ते "कळवते" लिहिताना तिचा हात अडला. इतक्या वर्षांत स्वतःसाठी तिने कुणाला काही कळवलं नव्हतं. सगळ्या विनंत्याच.

तो नकार आणि नव्या राजीनाम्याच्या दोन प्रती घेऊन ती केबिनमध्ये गेली. आधी नकाराचं पत्र ठेवलं. साहेबांनी पेन उघडलं.

"साहेब, आज वाचून सही करा."

"कशाला? तुम्ही लिहिलंय ना?"

"म्हणूनच."

साहेब वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा मऊ पडला. "ताई," ते म्हणाले, "अगदी माझ्या मनातलं लिहिलंत हो."

"मनात होतं तर एकदा तरी ओठांवर आणायचं होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "माझं कौतुकसुद्धा मीच लिहायचं, आणि खाली सही तुमची? यावर सही नका करू. हे दुसरं घ्या. हे खरं आहे."

साहेबांनी दुसरं पत्र वाचलं. त्याची पहिलीच ओळ अशी होती की पुढे वाचावंच लागलं. मग प्रतीवर "मिळाले" लिहून सही केली, तारीख घातली आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग याचं उत्तर कोण लिहिणार?"

"तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत केबिनचं दार बंद होतं. शिपाई सांगत होता, साहेब एका बोटाने काहीतरी टाइप करतायत, दोनदा चहा परत पाठवला, एकदा कुणावर तरी ओरडले पण आत कुणीच नव्हतं. जेवणानंतर साहेब स्वतः उठून ताईच्या टेबलाशी आले, असे कधी येत नसत, आणि कागद तिच्या हातात देऊन उभे राहिले. त्यात लिहिलं होतं:

"तुमचा राजिनामा मिळाला. स्विकारला. मला पत्र लीहीता येत नाही म्हणुन इतकी वर्षे तुमच्याकडुन लीहुन घेतलं आणी तुम्हालाच चांगलं बोलायचं राहुन गेलं. तुम्ही जाता याचं वाइट वाटतं. पुढच्या महीन्याच्या एकतीस तारखेला तुम्ही मोकळ्या."

ताईने ते एकदा वाचलं, परत एकदा वाचलं. कागदावरचं तिला जरा वेळ नीट दिसेना. मग तिने तारखेवर बोट ठेवलं.

"साहेब, पुढच्या महिन्यात एकतीस तारीखच नाही."

"अरेच्चा!" साहेबांनी तिच्याच टेबलावरचं पेन उचललं, एकतीस खोडून तीस केलं, बाजूला छोटी सही केली, आणि शाळेतल्या पोरासारखे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "बाकी बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर आहे," ताई म्हणाली.