पूजेतली पक्कड

आयुधपूजेच्या सकाळी पवित्रा सिस्टरनं दोन वॉर्डांमधलं आगरोधक दार उघडं ठेवून, त्याच्या कड्या आणि भिंतीवरचा कठडा यांना केळीचे खुंट तारेनं करकचून बांधले. यंत्रांना, अवजारांना झेंडूच्या माळा, मग दारानंच काय घोडं मारलंय?

दुपारी तिच्या वॉर्डात छतातून काळा धूर उतरू लागला.

"जिन्याकडं नको! पेशंट शेजारच्या वॉर्डात सरकवा," ती ओरडली. खाटा धडधडत दारापलीकडं गेल्या.

"अक्का, ऑक्सिजनचा वॉल्व्ह बंद करू? आग भडकेल," वॉर्डबॉय महांतेश म्हणाला.

"हात लावू नकोस! देवाप्पा अजून भिंतीतल्या ऑक्सिजनवर आहेत." तिनं सिलिंडर उघडून त्यांची नळी त्याला जोडली, म्हाताऱ्याचा श्वास चाललेला पाहिला. "आता कर."

वॉल्व्ह बंद करून दोघांनी देवाप्पांना गादीसकट फरफटत पलीकडं नेलं. मागं कुणीच उरलं नव्हतं. पवित्रानं दार लोटलं. ते तसूभरही हललं नाही.

"पक्कड आण! तार तोड!"

महांतेश जागचा हलला नाही. "पूजेत मांडलीय, अक्का." त्यानं धुरानं भरलेल्या वॉर्डाकडं बोट केलं. "तिकडं."

केळीच्या पानांखालून धूर आत येऊ लागला.