दुकानाचे तीन वाटे

पहिला नवरा वारल्यावर दुसरं लग्न करून ती निघाली तेव्हा दीर दारातच म्हणाले होते, "वहिनी, उंबरठा ओलांडलात. आता इथलं तुमचं काही नाही." तिला ते खरंच वाटलं होतं. त्या काळी सगळ्यांनाच तसं वाटायचं. लहान लेकीला कडेवर घेऊन ती मुकाट्याने निघून गेली.

आणि आज इतक्या वर्षांनी त्याच दिरांनी तिला वकिलांच्या खोलीत बोलावलं होतं. पहिल्या नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं चष्म्याचं दुकान विकायचं होतं. सोबत सासूबाई होत्या. त्यांच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती. तिच्या बाजूला लेक बसली होती आणि दुसऱ्या नवऱ्याचा मुलगा, ज्याला तिनेच वाढवलं. तो सुतार होता.

"सही कर आणि मोकळी हो," दीर म्हणाले. "नुसता उपचार आहे."

"माझा हक्क संपला होता ना, भाऊजी? मग सही कशाला हवी?"

दीरांनी कागद तिच्यापुढे सरकवला. उत्तर विकत घेणाऱ्याच्या वकीलबाईंनी दिलं. "मृत्युपत्र नव्हतं. ते गेले त्याच क्षणी वाटे पडले, आईचा, बायकोचा आणि मुलीचा, सारखेच. एकदा मिळालेला वाटा पुढे लग्न केलं म्हणून परत जात नाही. या तिघी असताना भावाचा हक्क लागत नाही."

"इतकी वर्षं दुकान मी चालवलं!" दीर ओरडले.

"चालवलंत. पण मालक झाला नाहीत."

सुतार हसला. "आई, मग माझा वाटा?"

"तुझा इथे काही नाही रे. तुझा तुझ्या बाबांच्या घरात. आणि तुझ्या बहिणीचा तिथे नाही, त्यांनी वाढवलं तरी."

"म्हणजे दोघांचे बाप दोन आणि आई एक. आईचे मात्र वाटे पडत नाहीत!"

सगळे हसले, दीर सोडून.

मग लेक हळूच म्हणाली, "आई, मी नंबर तपासायला शिकले, ते दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करायला नाही. विकू नकोस."

तिने पेन उचललं, क्षणभर धरलं आणि खाली ठेवलं. "मी सही करणार नाही, भाऊजी."

दीर आईकडे वळले. "तू तरी सांग हिला!"

इतकी वर्षं सासूबाईंनी सुनेचं नाव काढलं नव्हतं. आता त्यांनी चष्मा काढून नातीपुढे धरला. "मुलगा चष्म्याच्या दुकानात बसतो आणि आईची दांडी दोऱ्याने! बघ गं, होतं का काही. माझीही सही नाही म्हणावं."

नातीने पर्समधून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि दोरा सोडायला घेतला. सुतार मनात फळ्या मोजत होता. "दुकानात मांडण्या मी करीन," तो म्हणाला, "वाटा नको."

सुनेने सासूबाईंचा हात धरला. त्यांना चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हतं, पण हात त्यांनी काढून घेतला नाही.