डावीकडे ओढणारी बस

बस डावीकडे ओढायला लागली तेव्हा लोटननानांना वाटलं, आपलाच अंगठा कापत असेल. म्हणून त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात बाजूला घेतले. टीव्हीवरची लाल बस रिकाम्या रस्त्यावर हळूहळू डावीकडे गेली, कडेच्या गवतात उतरली आणि खांबाला टेकून थांबली. तरी पुढची चाकं डावीकडेच वळलेली.

कंट्रोलर त्यांच्या बायकोचा, दिपमालाचा होता. ती त्याला रिमोट म्हणायची.

नाना धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होते. दिपमालाचं डायलिसिस सुरू झालं आणि ती एक दिवस दवाखान्यात, एक दिवस घरी पलंगावर, अशी राहू लागली. तेव्हा जळगावला नोकरी करणाऱ्या रोहिणीने, त्यांच्या मुलीने, टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणून दिला आणि त्यात बस चालवायचा गेम टाकला. दिपमाला आधी हसली. मग तिला त्याचा नादच लागला. परदेशातली डोंगराळ गावं, थांब्यावर उभी गोरी माणसं, ही त्यांना वेळेवर पोचवायची. नाना चहा घेऊन आले की म्हणायची, "तुम्ही जन्मभर गाडीखाली झोपले. गाडी चालवली ती मीच."

तिला जाऊन आठ महिने झाले होते. नाना रोज दुपारी जेवण झालं की तिच्याच नावावर साठवलेला गेम उघडायचे आणि तिची बस पुढे न्यायचे. नवं नाव घालून पहिल्यापासून सुरू करायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

बस ओढते म्हणजे कुठेतरी कोरडं पडलंय, हा एकतीस वर्षांचा हिशेब. त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढली, कंट्रोलरवरची, अंगठ्याने फिरवायची डावी दांडी कलती केली आणि तिच्या बुडाशी दोन थेंब सोडले. दांडी चारी बाजूंनी फिरवून तेल मुरवलं. त्या दिवशी जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बस डावीकडे ओढता ओढता मधेच झटका देऊन उजवीकडे जाऊ लागली.

त्यांनी रोहिणीला फोन लावला.

"तेल टाकलं?" रोहिणी म्हणाली. "नाना, ती काय बैलगाडी आहे का?"

"बठ्ठा मशिनले तेल लागस."

"बरं, पाठवून द्या. इथे स्वप्नील म्हणून आहे, हेच काम करतो."

"पाठवणार नाही. मी घेऊन येतो."

शनिवारी त्यांनी कंट्रोलर टॉवेलात गुंडाळला, पिशवी मांडीवर घेतली आणि जळगावची बस धरली.

स्वप्नीलचं दुकान एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर होतं. तीन बाय सहाचं टेबल, वर भिंगाचा दिवा, एका बाजूला लॅपटॉप. त्याने कंट्रोलर लॅपटॉपला जोडला. पडद्यावर एक गोल आला, त्यात एक ठिपका. कोणी हात न लावता ठिपका मध्यापासून डावीकडे सरकलेला होता आणि थरथरत होता.

"याला ड्रिफ्ट म्हणतात, नाना," स्वप्नील म्हणाला. "तुम्ही सोडून दिलंय, पण कंट्रोलरला वाटतंय कोणीतरी डावीकडे दाबून बसलंय."

नाना ठिपक्याकडे बघत राहिले. "दाखव उघडून."

स्वप्नीलने स्क्रू काढले, कवच उघडलं. दांडीखाली बोटाच्या पेराएवढी पत्र्याची पेटी, तिच्या दोन बाजूंना दोन हिरव्या डब्या. त्याने त्यातल्या एका डबीचं झाकण काढलं आणि ती भिंगाखाली धरली. आत काळ्या रंगाचा अर्धगोल पट्टा होता.

"हा कार्बनचा पट्टा. दांडी हलली की ही पितळी पत्ती त्याच्यावर घासत फिरते. पत्ती कुठे आहे त्यावर व्होल्टेज ठरतं. बरोबर मध्ये असली की निम्मं. तेवढ्यावरून गेमला कळतं की दांडी सरळ आहे. दुसरी डबी वर-खालचं बघते. ही डावी-उजवी."

"रेडिओच्या आवाजाच्या बटनासारखं."

"तेच. आता इथे बघा."

पट्ट्याच्या मध्यावर रंग फिका पडला होता. पत्तीने तिथे चर पाडला होता आणि चराच्या कडेला काळ्या भुकटीचा तेलात चिकटून चिखल झाला होता.

"दांडी सोडली की स्प्रिंग तिला मध्ये आणते, म्हणून सगळ्यात जास्त घासतं ते मध्येच. पट्टा झिजला की मधलं व्होल्टेज निम्मं राहत नाही. तुमच्या तेलाने भुकटी धरून ठेवली, म्हणून ते झटके. तेल मी धुवून देतो. पण गेलेला कार्बन परत येणार नाही. पूर्ण पेटीच बदलू. आता चुंबकावर चालणारी येते, तिच्यात पट्टाच नाही, त्यामुळे घासायचं कामच नाही."

"बदलायची नाही," नाना म्हणाले.

"अहो, तासाभराचं काम आहे."

"हाई तिन्हं शे." मग स्वप्नीलकडे बघून ते नीट म्हणाले, "माझ्या बायकोच्या अंगठ्याने झिजलंय ते. राहू दे."

स्वप्नीलने स्पिरिटने डबी धुतली, पुसली, परत बसवली. ठिपक्याची थरथर थांबली, पण तो डावीकडेच राहिला.

"मग एक करा," तो म्हणाला. "गेमच्या सेटिंगमध्ये डेड झोन म्हणून आहे. मध्याभोवती किती जागा मेलेली धरायची ते. तेवढ्या जागेत दांडी काहीही सांगो, गेम ऐकत नाही. आत्ता पाचवर असेल, वीसवर न्या. ड्रिफ्ट झाकलं जाईल. पण नुसतं झाकलं जाईल, एवढं लक्षात ठेवा."

धुळ्याला आल्यावर नानांनी रोहिणीला व्हिडिओ कॉल करून सेटिंग शोधलं. वीसवर नेलं. बस सरळ धावली. नाना खुशीत फोनवर म्हणाले, "व्हयनं काम."

वळणावर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. अंगठा थोडा सरकवला तर बस ढिम्म. आणखी सरकवला की एकदम वळायची. मग उलट दाबायचं, तिथेही आधी काही नाही आणि मग एकदम. सरळ रस्त्यावरसुद्धा बस दारू प्यालेल्या माणसासारखी या कडेकडून त्या कडेला जाऊ लागली.

हे त्यांना ओळखीचं होतं. स्टिअरिंगचा प्ले. चाक फिरवतोय, पण टायर अजून हललेले नाहीत, एवढी मधली रिकामी जागा. डेपोत चाक धरून ते रोज हेच बघायचे, आणि प्ले जास्त निघाला तर गाडी रूटवर सोडायचे नाहीत. ड्रायव्हर हातापाया पडले तरी. एकदा एका ड्रायव्हरने सांगितलं होतं, नाना, मला सवय आहे, मी सांभाळून घेतो. नानांनी त्याला खाली उतरवलं होतं.

आता ते स्वतःच सांभाळून घेत होते. महिन्याभरात वीसने भागेना, पंचवीस केलं. मग तीस. थांब्यावरच्या गोऱ्या माणसांना बस लागायची ती कधी फूटपाथवर चढून, कधी हातभर लांब.

एका रविवारी रोहिणी आली. जेवणानंतर तिने कंट्रोलर घेतला आणि दुसऱ्याच वळणावर कठडा तोडला.

"नाना, हे काय? तुम्ही रोज असं चालवता?"

"सवय व्हई जास."

ती गेममधून बाहेर येऊन आईचं नाव असलेलं पान उघडून बसली. किती किलोमीटर, किती प्रवासी, किती तास. तिने ते दोनदा वाचलं.

"आई गेली त्या आठवड्यात मी या पानाचा फोटो काढून ठेवला होता," ती म्हणाली. फोन काढून तिने तो फोटो त्यांच्यासमोर धरला. सहाशे बारा तास. टीव्हीवर तेराशे चाळीस होते.

नानांनी चष्मा लावून दोन्ही आकडे बघितले.

"जास्त तुम्हीच चालवलंय, नाना. आईपेक्षा."

"ते तर व्हयच."

"मग झिजवलं कोणी?"

नाना उठून स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायले. उगाच एक भांडं विसळून ठेवलं. त्या पट्ट्यावरचा चर भिंगाखाली बघितला तेव्हा त्यांनी तो सबंध तिचा धरला होता. मेकॅनिक माणूस, पण गाडी किती चालली हे विचारायचं राहून गेलं. तिची बोटं शेवटी इतकी हलकी झाली होती की चमचाही वाजायचा नाही. आपला अंगठा ढोपरासारखा टणक, नटबोल्टचे पाने फिरवलेला. रोज दोन-तीन तास आपण तो दाबत होतो आणि जे ठेवायचं म्हणत होतो तेच घासून काढत होतो. तिचं काही उरलं असेल तर आपल्या अंगठ्याखाली ते कधीच भुकटी होऊन गेलं.

बाहेर येऊन ते रोहिणीला म्हणाले, "तू संध्याकाळी जाशील तेव्हा मीपण येतो. उद्या दुकान उघडं असेल ना?"

सोमवारी रोहिणीबरोबर दुकानात येऊन नानांनी स्वप्नीलला पेटी बदलायला सांगितली. त्याने नवी पेटी काढून टेबलावर ठेवली.

"जुनी मी काढू का?" नाना म्हणाले. "सोल्डरचे डाग काढायचं मला जमतं."

"चौदा टाके आहेत. जपून."

नानांनी एका हातात सोल्डरिंगची सळई धरली, दुसऱ्यात कथील ओढून घ्यायचा पंप. एकेक टाका वितळवला, ओढला. पहिला सुटायला वेळ लागला, मग हात बसला. चौदावा सुटला तशी पेटी आपणहून हातात आली. नानांनी ती तळहातावर उलटी करून बघितली आणि स्वप्नीलच्या डब्यात, इतर जुन्या पेट्यांमध्ये टाकली.

"न्यायची असेल तर पुडी करून देतो," स्वप्नील म्हणाला.

"काय करू तिचं? गेम तिच्या नावावर आहे. तो चालू राहिला पाहिजे."

नवी पेटी स्वप्नीलने बसवली. लॅपटॉपवर दांडी चारी बाजूंनी फिरवून कॅलिब्रेट केली. ठिपका मध्ये येऊन थांबला. नाना वाकून बघत होते.

"घरी गेल्यावर डेड झोन शून्य करू?" त्यांनी विचारलं.

"शून्य नका करू. दांडी सोडली की प्रत्येक वेळी केसभर इकडे-तिकडे थांबते. चार-पाच ठेवा."

"हां. थोडा प्ले लागतोच," नाना म्हणाले. "एकदम आवळलेलं स्टिअरिंगपण चालत नाही."

दुकानातही टीव्हीला जोडलेला तसाच डबा होता, रोहिणीने त्यावर तोच गेम लावून दिला आणि आपल्या खात्यात साठवलेलं आईचं नाव उघडलं. नानांनी आकडा स्वतः पाचवर आणला. घाटाचा रस्ता निवडला. पहिल्या वळणाला त्यांनी सवयीने अंगठा जोरात रेटला आणि बस कठड्याला घासली.

"सावकाश, नाना," रोहिणी म्हणाली.

दुसऱ्या वळणाला त्यांनी अंगठा नुसता टेकवला. बस वळली. त्यांनी आणखी थोडा टेकवला, ती आणखी थोडी वळली. दाबायची गरजच नव्हती. घाट उतरताना डाव्या हाताला पाणी दिसू लागलं. इतके दिवस कठडा सांभाळण्यात त्यांनी ते बघितलंच नव्हतं.

"हे तळं आधीपासून आहे?"

"कायम आहे. आई फोनवर सांगायची, इथे गाडी उभी करून बसते म्हणून. त्यामुळे तिची बस नेहमी उशिरा पोचायची."

तळ्याकाठच्या पुढच्या थांब्यावर सहा जण उभे होते. नानांनी बस फूटपाथला लावून उभी केली आणि दार उघडलं.

"किती मिनिटं उशीर आहे?" त्यांनी विचारलं.

"सध्या काहीच नाही. वेळेवर आहात."

"मग मलाही बसू दे जरा इथे," असं म्हणून त्यांनी अंगठा दांडीवरून उचलला.